चेहरा बदलताना चूक कोण मोजतं?

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ‘वेलकम टू चेचन्या’ हा माहितीपट पहिल्यांदा दाखवला गेला. चेचन्यात समलिंगी लोकांचा छळ होत होता. तिथून जीव वाचवून पळणाऱ्यांची ही गोष्ट दिग्दर्शक डेव्हिड फ्रान्स यांनी गुपचूप चित्रित केली होती. पडद्यावर त्यांची ओळख पटली असती तर त्यांच्या जिवावर बेतलं असतं. पण चेहऱ्यावर काळी पट्टी ओढली किंवा चेहरा धूसर केला, तर त्या माणसांची भीती प्रेक्षकापर्यंत पोहोचली नसती. म्हणून व्हिज्युअल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या रायन लेनी यांच्या चमूने वेगळा मार्ग धरला. काही स्वयंसेवकांनी, त्यातही बरेचसे न्यूयॉर्कमधले कार्यकर्ते, आपले चेहरे देऊ केले आणि ते पीडितांच्या चेहऱ्यांवर बसवले गेले. डोळ्यांतलं पाणी आणि ओठांची थरथर पीडिताची, चेहरा मात्र दुसऱ्याचा. चित्रपटात एका टप्प्यावर मॅक्सिम लापुनोव पत्रकार परिषदेत उघडपणे बोलायला येतात, तेव्हा उसना चेहरा विरघळतो आणि त्यांचा खरा चेहरा समोर येतो.

‘फेस स्वॅप’ म्हणजे हेच. एका व्यक्तीची ओळख घ्यायची आणि दुसऱ्या व्यक्तीचे हावभाव, मानेचा कल, नजर, प्रकाश, मागचा देखावा हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं. ओळख जिच्याकडून घ्यायची ती व्यक्ती ‘सोर्स’ आणि जिच्या दृश्यात ती बसवायची ती ‘टार्गेट’, असे शब्द या क्षेत्रात वापरतात. परवानगी घेऊन केलेल्या कामात याचा साधा उपयोग म्हणजे साहसदृश्यं. मोटारसायकलच्या पाठलागाचं दृश्य एका स्टंट कलाकार मुलीने दिलं आहे आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नायिकेचा चेहरा हवा आहे. इथे नायिका सोर्स आणि स्टंट कलाकार टार्गेट. पुढची चर्चा याच दृश्यावर करू.

हे काम यंत्राला शिकवताना पहिलीच अडचण येते ती अशी की, बरोबर उत्तर कुणाकडेच नसतं. नायिका त्या क्षणी, त्या उन्हात, त्याच कोनातून मोटारसायकल वळवताना कशी दिसली असती याचा फोटो जगात कुठेही नाही. तो असता तर हा खटाटोप करावाच लागला नसता. भाषांतर किंवा रोगनिदान शिकवताना नमुना उत्तरं हाताशी असतात. इथे नाहीत. तरीही न्यूरल नेटवर्क शिकतं ते एकाच पद्धतीने. ते एक चित्र तयार करतं, त्या चित्रात किती चूक झाली याचा एक आकडा काढला जातो, आणि तो आकडा किंचित कमी व्हावा म्हणून नेटवर्कमधले लाखो अंक थोडे थोडे सरकवले जातात. असं लाखो वेळा होतं. चुकीचा आकडा काढणाऱ्या सूत्राला ‘लॉस फंक्शन’ म्हणतात, आणि बोलताना नुसतं ‘लॉस’.

चेहरा म्हणजे काय, हे मॉडेलला वेगळं कुणी शिकवत नाही. त्याला फक्त तो आकडा दिसतो. आकड्यात जे मोजलं जातं ते सुधारतं आणि जे मोजलं जात नाही ते वाऱ्यावर सोडलं जातं. म्हणून स्वॅपमध्ये दिसणारा जवळजवळ प्रत्येक दोष कुठल्या तरी लॉसच्या जोरापर्यंत किंवा कुठल्या तरी लॉसच्या आंधळेपणापर्यंत मागे नेता येतो.

२०१७ मध्ये ‘डीपफेक्स’ या टोपणनावाने जी पद्धत पसरली, तिने नमुना उत्तराची अडचण मोठ्या चतुराईने टाळली होती. तिच्यात मॉडेलला चेहरा बदलायला शिकवलंच जात नाही. एक सामाईक एन्कोडर असतो. तो कुठलाही चेहरा आवळून थोड्या आकड्यांत बसवतो. त्यापुढे दोन डिकोडर असतात. एक त्या आकड्यांतून फक्त नायिकेचा चेहरा पुन्हा उभा करायला शिकतो आणि दुसरा फक्त स्टंट कलाकाराचा. दोघांचंही काम एकच, मुद्दाम थोडा वाकडातिकडा करून दिलेला चेहरा पुन्हा मूळ रूपात आणायचा. इथे मात्र बरोबर उत्तर हाताशी आहे, कारण मूळ फोटो आपल्याकडेच असतो. प्रशिक्षण संपलं की अदलाबदल करायची. स्टंट कलाकाराची फ्रेम एन्कोडरमध्ये घालायची आणि बाहेर काढायला नायिकेचा डिकोडर लावायचा. त्या डिकोडरला दुसरा चेहरा काढताच येत नाही, म्हणून हावभाव स्टंट कलाकाराचे आणि चेहरा नायिकेचा असा मेळ जमतो.

या साऱ्यात जो लॉस वापरला जातो तो ‘रिकन्स्ट्रक्शन लॉस’. तयार झालेलं चित्र आणि मूळ फोटो एकमेकांशेजारी ठेवून पिक्सेलला पिक्सेल भिडवायचा, फरक मोजायचा आणि सरासरी काढायची. रंग, प्रकाश, चेहऱ्याची जागा आणि ठेवण यांवर त्याची पकड घट्ट असते. प्रशिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात तपकिरी डागातून नाक-डोळे आकाराला येतात ते याच्यामुळे.

त्याची खोड समजून घ्यायची तर एकच पिक्सेल पाहू. तो नायिकेच्या दातांच्या कडेवर आहे. पिक्सेलची उजळता ० म्हणजे काळी आणि २५५ म्हणजे पांढरी अशी मोजतात. एन्कोडरने दिलेल्या त्रोटक माहितीवरून डिकोडरला एवढंच कळतं की तोंड अर्धवट उघडं आहे. तशा फोटोंपैकी निम्म्यांत त्या जागी दात आहे, उजळता २००. निम्म्यांत दातांमधली फट आहे, उजळता ४०. डिकोडरने ठामपणे २०० सांगितलं तर निम्म्या वेळा चूक शून्य आणि निम्म्या वेळा १६०. फरकाचा वर्ग मोजणाऱ्या लॉसमध्ये १६० चा वर्ग २५,६०० होतो, म्हणजे सरासरी दंड १२,८००. त्याऐवजी त्याने मधला १२० हा आकडा सांगितला तर दर वेळी ८० ची चूक होते आणि दंड पडतो ६,४००. दंड बरोबर निम्मा झाला! पण १२० म्हणजे करडा रंग. तिथे ना दात असतो ना फट. जुन्या स्वॅप व्हिडिओंत दातांच्या जागी जो एकसलग करडा-पांढरा पट्टा दिसतो आणि भुवयांचे केस जिथे पुसल्यासारखे वाटतात, त्यामागे हेच गणित आहे. मॉडेल कमी पडलं असं नाही. सांगितलं ते त्याने तंतोतंत केलं.

वर्गाऐवजी नुसता फरक मोजणारा लॉस घेतला तर थोडा फरक पडतो. वरच्या उदाहरणात ४० ते २०० मधल्या कुठल्याही उत्तराला सरासरी ८० चाच दंड बसतो, त्यामुळे करड्याकडे पळण्याची सक्ती उरते ना लाभ. एकीकडची बाजू जड असेल, म्हणजे तीनपैकी दोन फोटोंत फटच असेल, तर हा लॉस सरळ ४० निवडतो. म्हणून बरेच जण तोच पसंत करतात. पण मुळातला प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरी खोड सरासरीचीच. २५६ बाय २५६ च्या चित्रात ६५,५३६ पिक्सेल असतात. त्यात एक बुबुळ १२ पिक्सेल रुंद धरलं तर दोन्ही बुबुळं मिळून सव्वादोनशेच्या आसपास पिक्सेल व्यापतात. म्हणजे तीनशेत एकाहून जेमतेम किंचित जास्त. नजर पार दुसरीकडे वळली तरी रिकन्स्ट्रक्शन लॉसच्या आकड्यात जेमतेम खळबळ होते, आणि कपाळावरची छटा जराशी उजळली की तो आकडा त्याहून जास्त हलतो. माणूस मात्र समोरच्याच्या डोळ्यांत आधी पाहतो. ‘फेसस्वॅप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच डोळ्यांच्या भागातल्या चुकीला तिप्पट आणि तोंडाच्या भागातल्या चुकीला दुप्पट वजन देण्याची सोय मुळातच करून ठेवलेली आहे. ही मलमपट्टीच आहे, पण नेमक्या जखमेवर लावलेली.

पिक्सेलला पिक्सेल भिडवण्याच्या पद्धतीवर मोठा उतारा २०१६ मध्ये आला. स्टॅनफर्डचे जस्टिन जॉन्सन, अलेक्झांडर अलाही आणि फेइ-फेइ ली यांनी मांडलं की दोन चित्रं थेट ताडून पाहण्याऐवजी ती दोन्ही आधीच शिकून तयार असलेल्या एखाद्या नेटवर्कमधून जाऊ द्यावीत आणि त्या नेटवर्कच्या आतल्या थरांत उमटणाऱ्या खुणा ताडाव्यात. यासाठी त्यांनी वापरलं ते ऑक्सफर्डच्या गटाने तयार केलेलं व्हीजीजी नेटवर्क. कुत्री, खुर्च्या, जहाजं अशा वस्तू ओळखायला ते शिकलेलं होतं. त्याच्या सुरुवातीच्या थरांना कडा आणि रंगांचे ठिपके कळतात, मधल्या थरांना केसांचा किंवा विणीचा पोत कळतो आणि खोल थरांना डोळा, कान, चाक असे अवयव कळतात. या खुणांमधला फरक म्हणजे ‘परसेप्च्युअल लॉस’.

त्याने काय बदलतं ते दातांच्याच उदाहरणात दिसतं. मूळ चित्रातला दात एक पिक्सेल डावीकडे सरकला तर पिक्सेल मोजणारा लॉस कडेच्या प्रत्येक पिक्सेलवर दंड लावतो. व्हीजीजीच्या मधल्या थरांना मात्र एका पिक्सेलच्या सरकण्याचं फारसं काही वाटत नाही. त्यांच्या लेखी उभ्या कडांची एक रांग इथे आहे आणि तिथेही आहे. याउलट दात पुसून करडा पट्टा केला तर कडांची रांगच नाहीशी होते आणि दंड जोरात वाढतो. म्हणजे गुळगुळीतपणाला पहिल्या लॉसमध्ये जे बक्षीस मिळत होतं ते इथे काढून घेतलं जातं. माणसाच्या नजरेशी हे मोजमाप खरंच जुळतं का, हे २०१८ मध्ये रिचर्ड झँग आणि सहकाऱ्यांनी तपासलं. एका मूळ तुकड्याच्या दोन बिघडलेल्या प्रती दाखवून ‘मूळच्या जवळची कोणती’ असं लोकांना विचारलं, आणि अशी सुमारे ४ लाख ८४ हजार मतं गोळा केली. खोल नेटवर्कच्या खुणांवर आधारलेलं माप माणसांच्या मताशी जुन्या मापांपेक्षा पुष्कळ जास्त जुळलं. त्यातून जन्मलेलं ‘एलपिप्स’ हे माप आज या क्षेत्रात जवळजवळ सगळीकडे वापरलं जातं.

पण स्वॅपमध्ये हा लॉस लावायचा तर तो कशाशी ताडायचा? बरोबर उत्तर नाही, हे तर आहेच. हातात असते ती फक्त स्टंट कलाकाराची मूळ फ्रेम. तिच्याशी ताडलं तर हावभाव, प्रकाश, केस आणि उन्हाची तिरीप जपली जाते, आणि तेच हवं असतं. मात्र त्यासोबत स्टंट कलाकाराचं नाक आणि तिच्या डोळ्यांची ठेवणही जपली जाते, आणि नेमकी तीच नको असते. कुठल्या थरापर्यंत ताडायचं, हा इथला खरा कसब लागणारा निर्णय. वरच्या, उथळ थरांत त्वचेचा पोत आणि बारीक कडा असतात. त्यांच्याशी घट्ट बांधलं की टार्गेटची ओळख मागच्या दाराने परत येते. २०२० मध्ये शांघाय जिआओ टोंग विद्यापीठ आणि टेन्सेंटच्या संशोधकांनी ‘सिमस्वॅप’ नावाचं मॉडेल केलं, तेव्हा त्यांनी उथळ थर तुलनेतून काढूनच टाकले आणि फक्त शेवटचे काही खोल थर ठेवले. खुणा ताडायला त्यांनी व्हीजीजी न घेता मॉडेलसोबतच शिकणारं, चित्र खरं की बनावट हे ठरवणारं नेटवर्क वापरलं. या सैल केलेल्या तुलनेला त्यांनी ‘वीक फीचर मॅचिंग’ म्हटलं. खोल थर ‘हसू आहे, मान उजवीकडे आहे’ एवढं जपतात आणि ते हसू कुणाचं हे मोकळं सोडतात.

ते कुणाचं असावं हे ठरवतो ‘आयडेंटिटी लॉस’. तो चेहरा ओळखणाऱ्या नेटवर्कवर उभा आहे. बहुतेक जण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘आर्कफेस’ वापरतात. हे नेटवर्क ११२ बाय ११२ पिक्सेलचा सरळ केलेला चेहरा घेतं आणि त्याचे ५१२ आकडे बनवतं. त्या आकड्यांना एक बाण समजायचं. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे बाण जवळजवळ एका दिशेला असतात आणि वेगळ्या माणसांचे वेगळ्या दिशांना. दोन बाणांमधल्या कोनाचं कोसाइन काढलं की साम्य मिळतं. दिशा एकच असेल तर १, काटकोन असेल तर ०. एकातून ते वजा केलं की झाला लॉस. स्टंट कलाकार आणि नायिका यांचं साम्य ०.१ असेल तर सुरुवातीचा लॉस ०.९. तयार चेहरा नायिकेशी ०.६ इतका जुळू लागला की लॉस ०.४ वर येतो.

हा लॉस शून्यापर्यंत नेणं चांगलं, असं वाटणं स्वाभाविक आहे. तिथेच फसगत होते. नायिकेचे दोन खरे फोटो घेतले, एक हसरा आणि समोरून, दुसरा गंभीर आणि बाजूने, तरी त्यांचं साम्य १ येत नाही. बरंच खाली येतं. कारण ओळखणारं नेटवर्क हावभाव, कोन, चष्मा, मेकअप या गोष्टी पूर्णपणे विसरलेलं नसतं, त्यांचे अंश ५१२ आकड्यांत उरतातच. साम्य ०.९५ हवं असा हट्ट धरणं म्हणजे नायिकेने स्वतःच्याच दुसऱ्या फोटोपेक्षा पहिल्या फोटोसारखं अधिक दिसावं, अशी मागणी करणं. मॉडेल ती मागणी पुरी करतं. त्यासाठी ते सोर्स फोटोतले अंश उचलतं. पाठलागाच्या दृश्यात दात-ओठ खाणारी स्टंट कलाकार अचानक प्रसिद्धीच्या फोटोतलं हलकं स्मित घेऊन येते, तिची नजर रस्ता सोडून कॅमेऱ्याकडे वळते, डोळ्यांभोवती चष्म्याच्या काड्यांसारखी सावली उमटते. आयडेंटिटी लॉसचं वजन जास्त झालंय, हे ओळखायची ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

आणखी एक धोका त्याहून लपलेला असतो. ज्या नेटवर्ककडून गुण मिळतात त्याच्याच कमकुवत जागा मॉडेल हेरतं. माणसाला दिसेल असं साम्य न वाढवता, ओळखणाऱ्या नेटवर्कला आवडणारे सूक्ष्म ठसे ते चित्रात पेरायला लागतं. आकडा सुधारतो, चेहरा सुधारत नाही. म्हणून जबाबदार संशोधक शिकवताना एक ओळखणारं नेटवर्क वापरतात आणि परीक्षा दुसऱ्याकडून घेतात. पेकिंग विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या ‘फेसशिफ्टर’मध्ये शिकवणीला आर्कफेस होतं आणि तपासणीला ‘कॉसफेस’ नावाचं वेगळं नेटवर्क.

या लॉसला काय दिसत नाही हेही महत्त्वाचं आहे. ११२ पिक्सेलच्या चेहऱ्यात हनुवटीवरचा तीळ म्हणजे एखादा ठिपका. तो गेला काय, राहिला काय, ओळख पटतेच. त्यामुळे तीळ, व्रण, बारीक सुरकुत्या नायिकेकडून येतीलच याची हमी नाही. शिवाय ओळखणारं नेटवर्क कुणाचे चेहरे पाहून शिकलं, यावर त्याची नजर ठरते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मापन संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये १८९ प्रणालींची तपासणी प्रसिद्ध केली. वेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक आफ्रिकी आणि पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत सर्वाधिक आणि पूर्व युरोपीय चेहऱ्यांबाबत सर्वांत कमी आढळली. दक्षिण आशियाई चेहऱ्यांबाबतही ती पूर्व युरोपीयांपेक्षा जास्त होती. चीनमध्ये तयार झालेल्या काही प्रणालींत पूर्व आशियाई चेहऱ्यांची ही अडचण उरली नव्हती, म्हणजे दोष चेहऱ्यांत नाही, शिकवणीत आहे. स्वॅपच्या संदर्भात याचा अर्थ सरळ निघतो. ज्या नेटवर्कला दोन मराठी बायकांच्या चेहऱ्यांतला फरक पुसटच दिसतो, ते नेटवर्क स्टंट कलाकाराच्या चेहऱ्यात जुजबी बदल झाल्यावरच ‘जमलं’ म्हणून मोकळं होणार.

फेसशिफ्टरने या सगळ्यांना एका ओळीत कसं बसवलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांच्या शोधनिबंधातलं एकूण सूत्र असं:

```
L = L_adv + 10*L_att + 5*L_id + 10*L_rec
```

`L_id` म्हणजे आयडेंटिटी लॉस आणि `L_rec` म्हणजे रिकन्स्ट्रक्शन. `L_att` हा परसेप्च्युअल जातीचा लॉस आहे. तयार चित्राचे आणि टार्गेट फ्रेमचे हावभाव, प्रकाश, मागचा देखावा टिपणाऱ्या आतल्या खुणा तो अनेक पातळ्यांवर ताडतो. `L_adv` हे चित्र खरं की बनावट, एवढंच विचारणाऱ्या प्रतिस्पर्धी नेटवर्कचं मत. चित्र एकूण फोटोसारखं दिसावं यासाठी ते लागतं.

सूत्रातले १०, ५, १० हे आकडे कुठल्या नियमातून येत नाहीत. करून पाहून, चित्रं बघून ते ठरतात. आणि `L_rec` नेहमी चालू नसतो, ही यातली सर्वांत चलाख खुबी. सोर्स आणि टार्गेट म्हणून एकच फोटो दिला तर बरोबर उत्तर ठाऊक असतं. तोच फोटो परत यायला हवा. फक्त अशाच वेळी रिकन्स्ट्रक्शन लॉस मोजायचा आणि एरवी शून्य धरायचा. फेसशिफ्टरच्या प्रशिक्षणात ८० टक्के जोड्या वेगवेगळ्या फोटोंच्या होत्या आणि उरलेल्या २० टक्के एकाच फोटोच्या. त्या २० टक्क्यांत मॉडेल रंग आणि पोत जागेवर ठेवायला शिकतं, ८० टक्क्यांत ओळख बदलायला. एकाच फोटोच्या जोड्या फार वाढवल्या तर मॉडेल आळसावतं. टार्गेट जसंच्या तसं परत देणं हा सोपा मार्ग त्याला सापडतो आणि स्वॅप होतच नाही. फार कमी केल्या तर कातडीचा रंग आणि डोक्याची ठेवण वाहवत जाते.

वेगवेगळ्या पद्धतींची रस्सीखेच कुठे थांबली, हे छापील आकड्यांतही दिसतं. ‘फेसफोरेन्सिक्स प्लस प्लस’ या संग्रहातल्या व्हिडिओंवर दोन गोष्टी मोजल्या जातात. बदललेला चेहरा योग्य सोर्सचा म्हणून ओळखला जातो का, आणि डोक्याचा कल टार्गेटपासून किती ढळला. २०१७ च्या धाटणीच्या डीपफेक्स पद्धतीला ओळखीत ८१.९६ टक्के मिळाले आणि कलातली चूक होती ४.१४. फेसशिफ्टरने ओळख ९७.३८ टक्क्यांवर नेली आणि चूक २.९६ वर आणली. सिमस्वॅपची ओळख ९२.८३ टक्के, म्हणजे फेसशिफ्टरहून कमी. पण कलातली चूक फक्त १.५३. खोल थरांच्या तुलनेवर भर देऊन हावभाव सांभाळायचे, त्यासाठी ओळखीत थोडं गमवावं लागलं तरी चालेल, असा कौल सिमस्वॅपने दिला होता. पाठलागाच्या दृश्यात, जिथे चेहरा दर सेकंदाला वळतो, दिग्दर्शकाला कदाचित तोच कौल पटेल. संवादाच्या क्लोजअपला उलटा पटेल. ‘चांगलं मॉडेल कोणतं’ हा प्रश्न दृश्य सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही, असं म्हणावंसं वाटतं ते यामुळे.

एवढं करूनही पाठलागाच्या दृश्यात एक गोष्ट हमखास बिघडते. वाऱ्याने उडालेली ओढणी क्षणभर स्टंट कलाकाराच्या गालावर येते आणि तयार चित्रात ती अर्धी गायब होते. आयडेंटिटी लॉसच्या दृष्टीने ओढणी म्हणजे नायिकेच्या चेहऱ्यात न बसणारी अडगळ. फेसशिफ्टरच्या कर्त्यांनी ही चूक शोधायला लॉस बदलला नाही, शिकून झालेल्या मॉडेलला एकच फोटो दोन्ही बाजूंनी दिला. सोर्सही तीच फ्रेम, टार्गेटही तीच. तरीही परत आलेल्या चित्रातून ओढणी पुसली गेलेली असते! मूळ फ्रेम आणि हे चित्र यांतला फरक काढला की नेमकी ओढणीची जागा उजळून दिसते. तो फरक दुसऱ्या, दुरुस्ती करणाऱ्या नेटवर्कला दिला की ते ओढणी परत आणतं. स्वॅपवर काम करणाऱ्या कुणालाही ही चाचणी दोन मिनिटांत करता येते, आणि आपलं मॉडेल काय गिळतंय हे ती लॉसच्या आलेखापेक्षा खूप स्पष्ट सांगते.

लॉसच्या आलेखावर एरवीही विसंबता येत नाही. रिकन्स्ट्रक्शनचा आकडा आठवडाभर तसूभरही हलला नाही तरी त्या काळात डोळ्यांत चमक आलेली असू शकते. प्रतिस्पर्धी नेटवर्कचा आकडा तर सुधारणा दाखवतच नाही, कारण समोरचाही तेवढाच हुशार होत असतो. आणि वरच्या सूत्रातला एकही लॉस शेजारच्या फ्रेमकडे पाहत नाही. प्रत्येक चित्र सुटं तपासलं जातं. त्यामुळे सुटी चित्रं निर्दोष असूनही व्हिडिओ चालवल्यावर भुवया किंवा जबड्याची कड लुकलुकते.

सूत्र जिथे पाहत नाही तिथेच बनावट पकडणारेही शोध घेतात. फेसशिफ्टरवर काम केलेल्या लिंगझी ली, जिआनमिन बाओ आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी त्याच वर्षी, २०२० च्या त्याच सीव्हीपीआर परिषदेत, ‘फेस एक्स-रे’ नावाचं दुसरं काम मांडलं. नवा चेहरा शेवटी मूळ फ्रेमवर चिकटवावा लागतो, आणि दोन वेगळ्या चित्रांचा सूक्ष्म गोंगाट जिथे मिळतो तिथे एक सीमारेषा उरते. फेस एक्स-रे ती रेषा शोधतं. ते शिकवायला बनावट व्हिडिओंची गरज पडली नाही. दोन खरे फोटो एकमेकांवर जोडून कर्त्यांनी हव्या तितक्या सीमारेषा स्वतःच तयार केल्या. त्याच्या मर्यादाही त्यांनी नोंदवल्या. चित्र फार लहान किंवा कमी दर्जाचं असेल तर गोंगाटातला फरक पुसला जातो आणि रेषा सापडेनाशी होते. संपूर्ण चित्रच यंत्राने बनवलेलं असेल, काही चिकटवलेलंच नसेल, तर शोधायला रेषाही नसते.